महालयाचा निरोप



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या घरच्यांनी या वर्षी विषय सुचवताना सांगितलं की, पितृपंधरवड्यात आपण घरच्या लोकांना एक छोटा निरोप पाठवतो, त्याबद्दल बोला. विषय चार ओळींचा आणि वेळ तासाभराचा. पण पुण्यातल्या एका दैनिकात मी बरीच वर्षं स्मरणाच्या जाहिराती घ्यायच्या खिडकीवर बसत असे. त्या चार ओळी लिहिताना माणसं किती अडतात, ते मी रोज पाहिलं आहे. समोरचा माणूस फोटो देतो, पैसे मोजतो, आणि मजकुराशी येऊन थांबतो. मग म्हणतो, "तुमच्याकडे काही ठरलेलं असेल ना, तेच टाका." ठरलेलं असायचं. फोटो वेगळा, नाव वेगळं आणि बाकी सगळं तेच.

आता जाहिरातीची जागा घरच्या ग्रुपवरच्या निरोपाने घेतली आहे. गणपती पोचवून झाले, भाद्रपद पौर्णिमा उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी तो येतो. एक दिवा, एक फूल, पितरांना वंदन, त्यांच्या आशीर्वादाची याचना. कधी तर खाली पितृपक्षाच्या शुभेच्छाही असतात. पाठवणाऱ्याच्या मनात खोट नसते, हे मी जाणतो. पण त्या निरोपात कोणाचंच नाव नसतं. मला आज एवढंच मांडायचं आहे की, या पंधरवड्याचा विधी मुळात नावं घेण्याचा आहे, आणि नावं कशी घ्यायची याची फार विचारपूर्वक केलेली रचना त्याच्या संकल्पात आहे. घरचा निरोप लिहिणाऱ्याने ती समजून घ्यावी. मग तो विधी करो अगर न करो.

श्राद्धाची छापील पोथी ज्यांनी हाताळली असेल त्यांनी तिच्यात 'अमुक' हा शब्द पानोपानी पाहिला असेल. अमुक गोत्राचे, अमुक नावाचे, अमुक रूपाचे. गुरुजी यजमानाला विचारतात आणि त्या जागी खरं नाव घालतात. नावाआधी नातं येतं आणि नातं नेहमी कर्त्याच्या बाजूने सांगितलं जातं: माझे वडील, माझे आजोबा, माझे पणजोबा. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणावं अशी सोय आहे. नावच ठाऊक नसेल तर बापाला, आज्याला आणि पणज्याला पृथ्वी, अंतरिक्ष आणि द्युलोक यांवरून बनवलेली नावं वापरावीत, हेही सांगून ठेवलं आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड आपल्या भांडारकर संस्थेने १९५३ साली काढला, त्यात श्राद्धाचा हा सगळा पसारा मांडलेला आहे. माणसं नावं विसरतील, हे या विधीने आधीच गृहीत धरलं आहे. तरीही नावाची जागा रिकामी सोडायची नाही, असा त्याचा आग्रह आहे.

वर्षश्राद्धापेक्षा महालय इथेच वेगळा पडतो. वर्षश्राद्ध एका माणसाच्या निमित्ताने असतं. महालयात यादी लांबत जाते. आधी वडील, आजोबा, पणजोबा. मग आई, आजी, पणजी. सावत्र आई असेल तर ती. मग आईचे वडील, आजोबा, पणजोबा. त्यानंतर बायको, मुलगा, मुलगी, काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरे, गुरू, शिष्य आणि शेवटी आप्त. यांपैकी जे गेले असतील त्यांचीच नावं. काका सपत्नीक, आत्या पतीसह, असे जोडशब्दही लागतात.

कोरडी यादी ऐकून फारसं कळत नाही, म्हणून एक घर घेऊ. पुण्यातलंच आणि आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेलं, शनिवारवाड्यातलं. साल १७९०. गादीवर सवाई माधवराव आहेत, वय सोळा. हे साल मी मुद्दाम घेतलं, कारण काशीनाथ उपाध्याय यांचा 'धर्मसिंधु' पंढरपुरात त्याच साली पुरा झाला आणि आजही आपल्याकडचे गुरुजी निर्णयासाठी तोच उघडतात. त्या वर्षी वाड्यात प्रत्यक्ष काय झालं, हे मी सांगत नाही. नियमाप्रमाणे या मुलाच्या महालयात कोणाकोणाचं नाव येतं, एवढंच पाहू.

वडील नारायणराव. आजोबा बाळाजी, म्हणजे नानासाहेब. पणजोबा बाजीराव. पुढच्या ओळीत आई गंगाबाई, ज्या १७७७ साली गेल्या. आजी गोपिकाबाई, १७८८ साली गेल्या. पणजी काशीबाई, १७५८ साली गेल्या. मग आईच्या माहेरचे तीन पुरुष. मग काका: पानिपतावर पडलेले विश्वासराव, आणि थेऊरला देह ठेवलेले थोरले माधवराव सपत्नीक, कारण रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या.

आता या यादीत कोण नाही ते पाहा. १७१३ साली ज्यांनी पेशवेपद मिळवलं आणि घराण्याला नाव दिलं, ते बाळाजी विश्वनाथ यात नाहीत. थोरले माधवराव आणि नारायणराव यांचे ते पणजोबा होते, म्हणून त्या दोघांच्या पिढीपर्यंत त्यांचं नाव घेतलं जाणार. १७७३ मध्ये नारायणराव गेले, ते स्वतः वडिलांच्या जागी आले आणि बाळाजी विश्वनाथ चौथ्या पिढीवर सरकले. चौथ्या, पाचव्या, सहाव्या पिढीला पिंड नाही. पिंड दिल्यावर हाताला जे लागून राहतं ते दर्भावर पुसतात, त्यावर त्यांचा वाटा. त्यांना लेपभाज म्हणतात. घराण्याचा मूळ पुरुष असला तरी नियमाला अपवाद नाही. जिवंत आठवण साधारण तीन पिढ्या टिकते, हे ज्या कोणी ओळखलं त्यांना माणसाच्या मनाची चांगली जाण होती. नातवाने आजोबांना पाहिलेलं असतं, पणजोबांबद्दल ऐकलेलं असतं, त्यापलीकडे फक्त वंशावळीचा कागद राहतो.

याच घरात आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. थोरले माधवराव महालय करत असतील तेव्हा त्यांचे वडील बाळाजी आणि पणजोबाही बाळाजी. मधे बाजीराव. आजोबा-पणजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे एका यादीत तेच नाव दोनदा येणं नेहमीचं. नुसतं "बाळाजींचं स्मरण" म्हटलं तर कोणाचं? नातं आधी सांगितलं की प्रश्नच उरत नाही. खिडकीवर असताना असे गोंधळ मी पाहिले आहेत. जाहिरात छापून आली की ज्यांचं नाव तेच, पण जे हयात आहेत, अशा काकांना लोक फोन करत. घरच्या ग्रुपवर आता चार पिढ्यांची माणसं असतात. "आज आप्पांची तिथी" असं लिहिलं तर पन्नाशीच्या माणसाला एक आप्पा आठवतात आणि विशीच्या मुलीला दुसरे. "माझे वडील" किंवा "आईचे थोरले काका" एवढं आधी लिहिलं, तर वाचणारा प्रत्येक जण आपापलं नातं लावून घेतो.

आता जे नियमात बसत नाहीत त्यांचं काय, हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. रघुनाथराव १७८३ मध्ये वारले. सवाई माधवरावांचे ते चुलत आजोबा, आणि वडिलांच्या खुनाचा ठपका त्यांच्यावर. यादीत काका आहेत, आजोबांचे भाऊ नाहीत. ते आले तर शेवटच्या 'आप्त' या शब्दातच येणार, आणि तो शब्द उच्चारताना मनात कोणाला आणायचं ते कर्त्याच्या हाती. प्रत्येक घरात असा एखादा माणूस असतो. मस्तानीला तर पेशव्यांच्या संकल्पात कुठेच जागा नाही. तिची कबर इथून जवळच पाबळला आहे. विधीच्या यादीला चौकट असते आणि ती मोडायचा अधिकार आपल्याला नाही असं ज्यांना वाटतं, त्यांचा मी आदर करतो. पण घरचा निरोप म्हणजे संकल्प नव्हे. ज्या माणसाला यादीत जागा मिळाली नाही, त्याला निरोपात देता येते: घरात वाढलेला परका मुलगा, आयुष्यभर घर सांभाळलेली बाई. खरं तर विधीलाही हे सुचलेलं आहे. ज्यांना कोणी नाही, ज्यांचं नाव घ्यायला कोणी उरलं नाही, त्यांच्यासाठी काही ठिकाणी धर्मपिंड देतात.

आता तिथीकडे वळतो, कारण निरोपातल्या सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

पहिली चूक पुण्यतिथी आणि महालय एक समजण्याची. थोरल्या माधवरावांचं उदाहरण घेऊ. ते १८ नोव्हेंबर १७७२ रोजी गेले, तिथी कार्तिक वद्य अष्टमी. त्यांची पुण्यतिथी कार्तिक वद्य अष्टमीला. महालयाची तिथी मात्र भाद्रपद वद्य अष्टमी. महिना आणि पक्ष सुटतो, तिथी तेवढी राहते. एखादी व्यक्ती चैत्र शुद्ध पंचमीला गेली असेल तरी तिचा महालय भाद्रपद वद्य पंचमीलाच. म्हणून या पंधरवड्यातल्या निरोपात "पुण्यतिथी" लिहू नये. वाचणाऱ्याला वाटतं, माणूस भाद्रपदात गेला.

दुसरी चूक इंग्रजी तारखेवरून तिथी काढण्याची. समजा, घरातलं माणूस बारा तारखेच्या रात्री दीड वाजता गेलं. आपण बारा म्हणतो, दाखल्यावर तेरा असते. पंचांगात बारा तारखेपुढे अष्टमी दिसते आणि आपण अष्टमी धरून बसतो. पण त्याच ओळीत अष्टमी किती वाजेपर्यंत आहे तेही दिलेलं असतं. ती रात्री अकरा चाळीसला संपत असेल, तर दीड वाजता नवमी चालू होती. मृत्यूची तिथी म्हणजे त्या क्षणाला असलेली तिथी. त्यासाठी दाखल्यावरची वेळ आणि त्या वर्षाचं पंचांग, दाते पंचांग असो की दुसरं कुठलं, दोन्ही समोर ठेवून एकदा नीट पाहावं. घरातल्या वहीत तिथी, महिना, पक्ष आणि वेळ लिहून ठेवली की पुढच्या पिढीला शोधावं लागत नाही. चुकीची तिथी एकदा रूढ झाली की तीच चालत राहते, कारण दर वर्षी आपण मागच्या वर्षी काय केलं तेच पाहतो.

तिसरी गोष्ट विधी करण्याच्या दिवसाची. महालयाला अपराह्णकाळ पाहतात. दिवसाचे पाच भाग केले तर अपराह्ण हा चौथा. सप्टेंबरच्या अखेरीस पुण्यात साधारण सहा पंचवीसला सूर्य उगवतो आणि त्याच सुमाराला संध्याकाळी मावळतो. तेव्हा एक भाग दोन तास चोवीस मिनिटांचा, आणि अपराह्ण दुपारी दीडच्या पुढे ते चारपर्यंत. त्या वेळात जी तिथी असेल तिचा महालय त्या दिवशी. २०२५ मध्ये ८ सप्टेंबर ते २१ सप्टेंबर असे चौदाच दिवस होते आणि तिथी पंधरा, तेव्हा दोन तिथींचे महालय एकाच दिवशी आले.

मुलं परदेशात असली की याला आणखी एक पदर येतो. समजा, षष्ठी पुण्यातल्या घड्याळाने गुरुवारी दुपारी साडेचारला लागते आणि शुक्रवारी साडेचारला संपते. पुण्यातल्या भावाचा महालय शुक्रवारी, कारण शुक्रवारचा अपराह्ण षष्ठीत आहे. न्यू जर्सी त्या दिवसांत साडेनऊ तास मागे. तिथल्या घड्याळाने तीच षष्ठी गुरुवारी सकाळी सातला लागते आणि शुक्रवारी सकाळी सातला संपते. तिथला अपराह्ण दुपारी दोन ते साडेचारच्या आसपास, म्हणजे गुरुवारी. दोघे भाऊ आपापल्या जागी बरोबर आहेत आणि दोघांच्या तारखा वेगळ्या आहेत. हे माहीत नसलं की "तू बाबांचं चुकीच्या दिवशी केलंस" इथपर्यंत गोष्ट जाते. निरोपात "आज" न लिहिता "भाद्रपद वद्य षष्ठी, पुण्यात शुक्रवारी" असं लिहिलं की हा वाद होत नाही. आणि निरोप आदल्या संध्याकाळी पाठवावा.

काही तिथी माणूस कसा गेला यावरून ठरतात. चतुर्दशी शस्त्राने मारले गेलेल्यांची, आणि त्यांच्याबरोबर बुडून, भाजून, विषाने, अपघाताने गेलेल्यांची. पुन्हा शनिवारवाड्यात जाऊ. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी ऐन गणपतीच्या दिवसांत झाला. वाड्यात उत्सव चालू होता आणि गारदी आत शिरले. सवाई माधवराव तेव्हा जन्मालाही आले नव्हते, ते एप्रिल १७७४ चे. नियमाप्रमाणे नारायणरावांचं स्मरण वद्य चतुर्दशीला, तेही एकट्याचं, एकोद्दिष्ट. आजोबा-पणजोबांसह सगळ्यांचा महालय मग दुसऱ्या तिथीला वेगळा करायचा. अकाली आणि घाताने गेलेल्या माणसाला गर्दीत न मिसळता स्वतंत्र दिवस दिला आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या पुराच्या आठवणी नदीकाठच्या पेठांमधल्या घरांनी अजून जपल्या आहेत. असं मरण ज्या घरात झालं त्यांनी निरोपात ते लपवू नये असं मला वाटतं. "अपघातात गेला" हे दोन शब्द लिहायला धाकट्या भावाला वीस वर्षं लागली, असं एक घर मी जवळून पाहिलं आहे.

अविधवा नवमीबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. नवरा हयात असताना गेलेल्या बाईचा हा दिवस. सवाष्णीला जेवायला बोलावतात, तिची ओटी भरतात. पुढे नवराही गेला की अनेक घरांत ही नवमी बंद होते. काही घरं ती चालू ठेवतात, आणि दोन्ही बाजूंना आधार सांगितला जातो. बंद झाली की त्या बाईचा दिवस संपतो, आणि नवऱ्याच्या तिथीला नातलग म्हणून घेतलेल्या नावात ती "सपत्नीक" या एका शब्दात सामावते. मुलाच्या संकल्पात आई म्हणून तिचं नाव येतं, हे खरं. पण पुतण्या, भाचा, नात यांच्यासाठी ती नाव नसलेली होते. आईच्या माहेरचंही तसंच. तीन पुरुषांची नावं घेतली जातात आणि त्यांच्या बायका सपत्नीक या शब्दात जातात. तुमच्यापैकी किती जणांना आईच्या आजीचं नाव सांगता येईल? इथे मोठ्याने सांगू नका, घरी गेल्यावर आईला विचारा. आई नसेल तर मावशीला.

म्हणून माझी विनंती अशी की, निरोपात बाईचं नाव पूर्ण लिहावं: सासरचं, शक्य असेल तर माहेरचंही. लग्नात नाव बदलायची रीत आपल्याकडे फार काळ होती, त्यामुळे माहेरच्या भाचरांना ती एका नावाने आठवते आणि सासरच्यांना दुसऱ्या. दोन्ही नावं लिहिली तर दोन्ही घरं तिला ओळखतात. ज्ञानप्रबोधिनीने मराठीत अर्थ सांगत श्राद्ध करायची पद्धत घालून दिली आणि तिथे शिकलेल्या स्त्रिया पौरोहित्य करतात, ही पुण्याची मोठी गोष्ट आहे. मुली आता आईवडिलांचा विधी करतात. निरोपही त्यांनी आपल्या नावाने पाठवावा. तो भावाच्या नावानेच जायला हवा असं काही नाही.

मी आतापर्यंत पोथीच्या अंगाने बोललो, पण पुण्याच्या आजूबाजूला, हवेलीत, मुळशीत, पुरंदरात आणि शहरातल्याही असंख्य घरांत कोणी संकल्प म्हणत नाही. तिथे म्हाळ असतो. "उद्या आमच्याकडं म्हाळ हाये, जेवायला या," एवढा निरोप भावकीत आणि आळीत फिरतो. खीर, वडे, आळूची वडी, भोपळा, गवार, कढी. एक पान आधी कावळ्यासाठी जातं. मग पंगत बसते. पंगतीत म्हातारी माणसं गेलेल्यांच्या गोष्टी सांगतात, आणि नावं घ्यायचं काम तिथे होतं. मला हा प्रकार पोथीपेक्षा कमी वाटत नाही. अडचण एवढीच की फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर पंगत सुटली, भावकी पांगली, आणि निरोप तेवढा उरला. पंगतीत जे बोललं जायचं ते आता निरोपातच यायला हवं, कारण दुसरीकडे कुठे येणार नाही.

मग तो लिहायचा कसा? एका ओळखीच्या बाईंनी गेल्या वर्षी मला मजकूर दाखवला. पहिला मसुदा नेहमीसारखाच होता: आदर, वंदन, आशीर्वाद. मी त्यांना फक्त प्रश्न विचारले. कोणाचा महालय? आजीचा. कुठली आजी? वडिलांची आई. नाव? ते सांगितलं. माहेरचं? ते थांबून, आत्याला फोन करून सांगितलं. तिथी? नवमी. ती कशी होती? "खूप प्रेमळ," असं त्या म्हणाल्या. प्रेमळ सगळ्याच आज्या असतात, म्हटलं, तिने केलेली एक गोष्ट सांगा. थोडा वेळ गेला आणि त्यांनी सांगितलं की, पुराच्या वर्षी शेजारच्या दोन कुटुंबांची चूल वाहून गेली होती, तेव्हा ती महिनाभर दोन्ही वेळा त्यांच्याही भाकरी थापत होती, आणि आजोबांनी पीठ कमी पडेल म्हटल्यावर स्वतः अर्धी खायला लागली. नावं मी इथे अमुक ठेवतो, कारण ती त्यांच्या घरची आहेत. शेवटी निरोप असा झाला:

"उद्या भाद्रपद वद्य नवमी. माझी आजी, वडिलांची आई, अमुक (माहेरची अमुक) हिचा महालय. भोरकडच्या गावातून लग्न होऊन नारायण पेठेत आली. पानशेतच्या वर्षी तिने महिनाभर शेजारच्या दोन घरांच्या भाकरी केल्या. तिच्याबरोबर तिची बहीण अमुक हिचंही स्मरण, जिला मूलबाळ नव्हतं. कोणाला तिची आणखी काही आठवण असेल तर इथे लिहा."

पाच-सहा वाक्यं. यात नातं आहे, दोन्ही नावं आहेत, तिथी आहे, ठिकाण आहे, तिची म्हणून ओळखू येईल अशी एक गोष्ट आहे, आणि जिचं नाव घेणारं कोणी नाही ती मावसआजीही आहे. शेवटच्या वाक्याने काय झालं ते सांगतो. संध्याकाळपर्यंत नाशिकच्या एका चुलत भावाने लिहिलं की, त्या दोन कुटुंबांपैकी एक पुढे त्यांच्या शेजारी राहायला आलं, आणि भाकरीची गोष्ट त्याने दुसऱ्या बाजूने ऐकली होती. घरात कोणालाच ते माहीत नव्हतं.

काय टाळावं, तेही सांगतो. माणसाचा मोठेपणा वाढवून सांगू नये. वाचणाऱ्यांत त्याला पाहिलेली माणसं असतात, आणि एक वाक्य खोटं वाटलं की बाकीचंही हलकं होतं. आजार आणि शेवटचे दिवस यांचं वर्णन नको, ते घरच्यांनी भोगलेलं असतं. एका निरोपात सगळ्या पितरांची यादी घालू नये. ती जागा सर्वपित्री अमावास्येची आहे, आणि त्या दिवशी मात्र नावांची लांब यादी, नात्यांसह, जरूर लिहावी. फोटो असेल तर खाली साल आणि जागा लिहावी. ज्या व्यक्तीच्या मृत्यूला वर्ष झालेलं नाही, तिचा महालय बहुतेक घरांत त्या वर्षी करत नाहीत. तेव्हा तिच्या मुलांना "यंदा आईची तिथी केली का" असं कोणी विचारू नये. त्यांनीही स्वतःहून एक ओळ लिहिली, "वर्ष व्हायचं आहे, महालय पुढच्या वर्षी," तर काका-मामा निश्चिंत होतात.

आणि पंधरवडा हातातून निघून गेला तर? सुतक आलं, आजारपण आलं, निरोप लिहायचाच राहिला. शास्त्राने इथे भरपूर मुदत दिली आहे. सूर्य वृश्चिकेत जाईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, राहिलेला महालय करता येतो. आणि अमावास्येच्या दुसऱ्याच दिवशी, घट बसतात त्या आश्विन शुद्ध प्रतिपदेला, आजेपाडवा असतो. ज्याचे वडील हयात आहेत असा मुलीचा मुलगा त्या दिवशी आपल्या आईच्या वडिलांचं श्राद्ध करतो. इतर वेळी त्याला पितरांचं काही करायचं नसतं, हा एक दिवस त्याचा. तुमच्या घरात दहा-बारा वर्षांचा असा नातू असेल, तर त्या दिवशीचा निरोप त्यालाच लिहायला सांगा. नात असेल तर तिला सांगा, पोथीत तिचं नाव नसलं तरी. आईच्या वडिलांचं नाव, आईच्या आईचं नाव, आणि आईने त्यांच्याबद्दल सांगितलेली एक गोष्ट. शुद्धलेखन तपासायला बसू नका, नावं तेवढी बरोबर आहेत ना पाहा आणि मामांना पाठवू द्या.